भाडे ठरले, पण हमाली कोणाची?

ट्रक दुकानासमोर उभा राहतो, ड्रायव्हर दोर सोडतो, ताडपत्री मागे ओढतो, फाळका पाडतो आणि बाजूला होतो. दुकानदार वाट पाहत असतो की आता गाडीवाल्याची माणसे माल उतरवतील. "शेठ, हमाल बोलवा," ड्रायव्हर म्हणतो. "अहो दादा, भाड्यात सगळे आले ना? माझे तसेच बोलणे झाले आहे." "ते तुम्ही आणि ऑफिस बघा. बिल्टीवर हमालीचे काही लिहिलेले नाही. मला माल पोचवायला सांगितले, मी पोचवला." यानंतर पंधरा मिनिटे फोनाफोनी होते, मागे वाहतूक खोळंबते, आणि शेवटी ज्याला घाई जास्त तो खिशात हात घालतो. बहुतेक वेळा तो दुकानदार असतो. कधी तो ड्रायव्हर असतो, आणि ते पैसे त्याच्या वाटखर्चातून जातात.

या भांडणाचा निकाल खरे तर माल निघाला त्या दिवशीच, बुकिंगच्या खिडकीवर लागलेला असतो. तिथे बिल्टी फाडली जाते. कोणी तिला एलआर म्हणते, कोणी पावती. कायद्याच्या भाषेत ती 'गुड्स रिसीट'. हिशेब ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असते ते ट्रान्सपोर्टचे बिल. पण बिल नंतर येते आणि ते बिल्टीवर उभे असते. बिल्टीत जे लिहिले नाही ते बिलात आले की भांडण, आणि बिल्टीत लिहिलेले बिलात आले नाही तरीही भांडण.

एक उदाहरण घेऊन सगळा प्रवास बघू. यातले दर हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. शहरागणिक, टोळीगणिक ते बदलतात, पण हिशेबाची रीत सगळीकडे हीच.

सोलापूरचा एक टॉवेल कारखानदार नागपूरच्या दुकानदाराला २४ गाठी पाठवतो. एक गाठ ५० किलोची, म्हणजे एकूण वजन १,२०० किलो. मालाची किंमत ३,६०,००० रुपये. पूर्ण ट्रक भरण्याइतका हा माल नाही, त्यामुळे तो पार्सल ट्रान्सपोर्टने, दहा जणांच्या मालाबरोबर जाणार. भाडे किलोला ५ रुपये ठरते, म्हणजे ६,००० रुपये. फोनवर दुकानदाराला सांगितले जाते, "भाडे सहा हजार, टू-पे." टू-पे म्हणजे भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे. दुकानदार मनात गणित करतो : गाठीला २५० रुपये पडले.

आता ती गाठ किती वेळा उचलली जाते ते मोजा. कारखान्यातून टेम्पोत. टेम्पोतून सोलापूरच्या ट्रान्सपोर्ट गोदामात. गोदामातून ट्रकमध्ये. नागपुरात ट्रकमधून गोदामात. गोदामातून दुकानाकडे जाणाऱ्या टेम्पोत. टेम्पोतून दुकानात. दुकानाचे कोठार वरच्या मजल्यावर असेल तर जिना चढून आणखी एकदा. किलोला ५ रुपयांचा दर सोलापूरच्या गोदामापासून नागपूरच्या गोदामापर्यंतच्या चाकांचा आहे. या प्रत्येक उचलण्याचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतात, आणि "भाडे सहा हजार" या तीन शब्दांत त्यांतल्या एकाचाही उल्लेख नाही.

काहीच ठरलेले नसेल तर काय, याचे उत्तर कायद्यात आहे. १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की उलट करार नसेल तर माल ताब्यात देण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याचा. गाठी बांधणे, त्यांवर नाव-खूण घालणे हे सारे सोलापूरकराकडे आले. त्याच कायद्यात असेही आहे की करारानुसार खरेदीदाराकडे पोचवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की तो सकृद्दर्शनी खरेदीदाराच्याच हवाली झाला असे धरतात. व्यापारातला रिवाजही याच वळणाने चालतो : भराई पाठवणाऱ्याची, उतराई घेणाऱ्याची. म्हणून आपल्या उदाहरणात कारखान्यात टेम्पो भरण्याची हमाली आणि गोदामापर्यंतचे टेम्पोभाडे कारखानदार स्वतः भरतो, ते बिल्टीत येतच नाही.

पुढचे मात्र येते. सोलापूरच्या गोदामात गाठी उतरवून घेऊन ट्रकमध्ये चढवण्याची हमाली गाठीला १० रुपये, एकूण २४०. नागपूरच्या गोदामात उतरवून टेम्पोत चढवून देण्याची तेवढीच, आणखी २४०. बिल्टी चार्ज १००. ट्रान्सपोर्टच्या खिडकीवर दुकानदाराला ६,५८० रुपये भरावे लागतात. बाहेर टेम्पो १,२०० रुपये घेतो. दुकानासमोर बाजारातली टोळी गाठीला १५ रुपये सांगते, ते ३६० झाले. एकूण ८,१४० रुपये. गाठीला २५० समजला होता, पडले ३३९. भाड्याच्या वर २,१४० रुपये, म्हणजे भाड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. ते फक्त आधी कोणी बोलले नव्हते.

टॉवेलवर गाठीमागे ८९ रुपये जास्त पडले तर ते विक्रीत भरून काढता येतात. स्वस्त आणि जड मालाचे तसे नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई असे खर्च वजा जाऊन हातात राहिले २ रुपये ४९ पैसे, आणि त्याचा दोन रुपयांचा चेक महाराष्ट्रभर गाजला. बातम्यांत भाव गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. पण त्या पट्टीवरची वजावट नीट पाहण्यासारखी आहे. भाडे आणि हमाली मालाच्या वजनावर किंवा नगावर लागते, किमतीवर नाही. कांदा तीस रुपयांना विकला जावो की एक रुपयाला, पोते तेवढेच जड असते आणि हमालाची पाठ तेवढीच वाकते. म्हणून स्वस्त मालाच्या सौद्यात "हमाली कोणाकडे" हा प्रश्न भावाइतकाच मोठा होतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले तेव्हा बाजारांत संप झाले, ते याच ओढाताणीतून. एकाच्या पट्टीतून ओळ निघाली की ती दुसऱ्याच्या पट्टीत जाऊन बसते.

बाजार समित्यांमध्ये आणखी एक शब्द कानावर पडतो : वाराई. ट्रकमध्ये आत रचलेली पोती पुढे ओढून फाळक्यापर्यंत आणायची आणि खाली उभ्या हमालाच्या पाठीवर द्यायची, हे ते काम. गाडीतल्या माणसाने हे करायचे अशी जुनी समजूत आहे. गाडीवर क्लीनर होता तोवर ते चालून गेले. आता बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटा असतो, रात्रभर गाडी चालवून आलेला. मग तेही काम टोळीच करते आणि त्याचे पैसे गाडीवाल्याकडे मागते. माल उतरवणाऱ्याला हमाली एकाकडून, वाराई दुसऱ्याकडून. वाहतूकदार संघटनांनी याविरुद्ध 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा अनेक वर्षे लावून धरली आहे. मला ती रास्त वाटते. ट्रकमालकाने दर ठरवला तो गाडी चालवण्याचा. पोत्यात काय आहे, ते कोणाच्या गोदामात कोणत्या थप्पीवर जायचे आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्यावरच्या नफ्यात त्याचा वाटाही नाही.

पण हीच घोषणा हमालाला हटवण्यासाठी वापरली जाते तेव्हा मी तिच्या बाजूला नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालची मुंबईतली माथाडी चळवळ होती. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत याच प्रश्नावर लढली, आणि पोते ५० किलोंपेक्षा जड नसावे ही तिची मागणी होती. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. नोंदणी झालेला मालक हमालीची रक्कम माथाडी मंडळाकडे भरतो, त्यावर ठरलेली लेव्ही भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी देते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. नाक्यावर रोज वेगळ्या मालकाचे ओझे उचलणाऱ्या माणसाला नोकरदाराइतके संरक्षण मिळावे, ही कल्पना आहे. म्हणून जिथे हा कायदा लागू आहे तिथे टोळीच्या दरात लेव्ही धरली आहे की नाही हे आधी विचारावे, आणि पावती घ्यावी. नोंदणी झालेल्या टोळीचा दर ठरलेला असतो, मुकादम ओळखीचा असतो, पैशांचा कागद मिळतो. क्रेनने उतरवलेल्या मालावर, हात न लावता, पावती न देता कोणी पैसे मागत असेल तर ती हमाली नव्हे. ती मागणी खऱ्या माथाडीच्या नावाला बट्टा लावते.

आता परत आपल्या बिल्टीकडे, कारण ती हातात घेऊन वाचण्यासारखी वस्तू आहे. पातळ कागदाच्या तीन-चार प्रती, मध्ये कार्बन. वर नंबर आणि तारीख, खाली पाठवणारा, घेणारा, कोठून कोठे, गाडी नंबर. मग नग : २४ गाठी. मालाचे वर्णन. मग वजनाचे दोन रकाने, आणि इथे बहुतेकांची नजर घसरते. एक असते प्रत्यक्ष वजन, दुसरे आकारलेले वजन. टॉवेलसारखा फुगीर माल वजनाला कमी पण जागेला जास्त, म्हणून ट्रान्सपोर्टवाला जागेच्या हिशेबाने वजन वाढवून धरू शकतो. त्याचा तो हक्क आहे, पण दर ठरवताना ते बोलायला हवे. १,२०० ऐवजी १,४०० किलो आकारले तर पाच रुपयांचा दर तोच राहूनही भाडे सात हजार होते. त्यानंतर मालाची किंमत, बीजक नंबर, ई-वे बिल नंबर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर माल असेल तर हे लागते. उजव्या बाजूला पैशांचे रकाने : भाडे, हमाली, बिल्टी चार्ज, दारपोच, एकूण. आणि त्याच्या डोक्यावर तीनपैकी एक शिक्का. पेड, म्हणजे पाठवणाऱ्याने भरले. टू-पे, म्हणजे घेणारा भरेल. टीबीबी, म्हणजे बिल नंतर पाठवायचे.

हे शिक्के भाडे कोण भरणार तेवढेच सांगतात, उतराई कोणाची ते सांगत नाहीत. 'पेड' वाचून घेणारा समजतो की आपल्याला एक पैसाही लागणार नाही, आणि मग नागपूरच्या गोदामात त्याच्याकडे डिलिव्हरी हमाली मागितली की चिडतो. 'दारपोच' या शब्दाचेही तसेच. ट्रान्सपोर्टवाल्याच्या लेखी दारपोच म्हणजे गाडी दारात लागणे. गिऱ्हाइकाच्या लेखी माल घरात येणे. या दोहोंत फाळक्याची उंची आणि जिन्याच्या पायऱ्या आहेत. म्हणून बिल्टीच्या शेऱ्याच्या जागी एक ओळ हाताने लिहून घ्यावी : "भराई पाठवणाऱ्याकडे. नागपूर दुकानात, तळमजल्यापर्यंत उतराई ट्रान्सपोर्टकडे, भाड्यात धरली." किंवा याच्या उलट : "उतराई घेणाऱ्याकडे." दोन्ही चालतील. रिकामी जागा चालणार नाही. तीच ओळ विक्रेत्याच्या बीजकावरही हवी, कारण 'माल सोलापूर जागेवर' आणि 'माल नागपूर पोच' यांत किमतीचाच फरक असतो.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला टीबीबीवर माल जातो आणि महिनाअखेरीस एकत्र बिल येते. त्यात प्रत्येक ओळ एका बिल्टीची : नंबर, तारीख, गाडी, नग, वजन, दर, भाडे, हमाली, गाडी थांबवून ठेवल्याचे हॉल्टिंग. या बिलाची तपासणी सोपी आहे, पण ती बिल्टी समोर ठेवूनच होते. प्रत्येक ओळीला पोचपावती जोडलेली हवी. बिलातले वजन बिल्टीतल्या आकारलेल्या वजनाशी जुळायला हवे. हमाली लावली असेल तर ती कोणत्या टोकाची हे लिहिलेले हवे, कारण दोन्ही टोकांना मिळून 'हमाली' असा एकच आकडा टाकला की घेणाऱ्याने रोख दिलेली उतराई पाठवणाऱ्याच्या बिलात दुसऱ्यांदा शिरते. हॉल्टिंग लावले असेल तर गाडी पोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ पोचपावतीवर हवी. ती वेळ हमाल उशिरा मिळाल्यामुळे लांबली असेल, तर हॉल्टिंगही त्याच्याकडे जाते ज्याने हमाल आणायचे होते.

जीएसटीचा एक धागाही इथेच गुंतलेला आहे. बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टवाला स्वतः कर लावत नसेल, तर भाडे भरणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ५ टक्के कर स्वतः सरकारकडे भरावा लागतो. भराई-उतराई त्याच बिल्टीत, वाहतुकीचाच भाग म्हणून आली असेल तर ती भाड्यात मिसळते. आपल्या दुकानदाराचा कर ६,००० वर नाही, ६,५८० वर लागेल : ३२९ रुपये. बाजारातल्या टोळीला वेगळे दिलेले ३६० रुपये यात येत नाहीत.

इथपर्यंत पैशांचे झाले. पण हमाली कोणाची हे ठरवताना दुसरी एक गोष्ट नकळत ठरते, आणि ती मला पैशांहून मोठी वाटते : गाठ हातातून निसटली तर ती कोणाची. ट्रान्सपोर्टच्या गोदामात, ट्रान्सपोर्टच्या हमालाकडून गाठ चिखलात पडली तर माल त्याच्या ताब्यात आहे, नुकसान त्याच्याकडे. दुकानदाराने स्वतः आणलेल्या टोळीने फाळक्यावरून उचललेली गाठ जिन्यात फाटली तर ट्रान्सपोर्टवाला सरळ म्हणेल की मी माल चांगला दिला होता, आणि त्याचे म्हणणे खोडणे कठीण आहे. टॉवेल धुता येतात. काचा, टाइल्स, यंत्राचे सुटे भाग यांचे तसे नसते. अशा मालाला चार पैसे जास्त देऊन उतराई ट्रान्सपोर्टकडेच ठेवावी आणि तसे लिहून घ्यावे.

ट्रान्सपोर्टवाल्याच्या जबाबदारीलाही मर्यादा आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १८६५ चा जुना कायदा जाऊन त्याजागी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे माल गेला किंवा बिघडला तर भरपाई जास्तीत जास्त भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. आपल्या २४ गाठी वाटेत जळाल्या तर ३,६०,००० च्या मालाला ६०,००० रुपये. यापेक्षा जास्त हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच वाढीव जोखमीचा दर कबूल करावा लागतो, नाहीतर मालाचा स्वतंत्र विमा हवा. बिल्टीवर छापलेले 'मालकाच्या जोखमीवर' हे शब्द वाचून तरी हा प्रश्न विचारावा.

याच कायद्यात बिल्टीवरचे नग आणि वजन हा प्रथमदर्शनी पुरावा धरला आहे. म्हणून उतराईच्या वेळी नग मोजल्याशिवाय सही करू नये, कितीही घाई असली तरी. पोचपावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असे बहुधा आधीच छापलेले असते. ते खोडून, सहीच्या वर लिहावे : "२४ पैकी २३ गाठी मिळाल्या. गाठ नंबर ११ भिजलेली." तारीख, वेळ, गाडी नंबर आणि ड्रायव्हरची सही घ्यावी. फोटो गाठ ट्रकमध्ये असतानाच काढावा, खाली उतरल्यावर नाही, कारण खाली उतरल्यावर ती कोणाच्या हातात भिजली हा वाद सुरू होतो. ड्रायव्हरशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. तो शेरा लिहून दिला म्हणजे त्याने चूक कबूल केली असे होत नाही, त्याने फक्त जे दिसले त्याखाली सही केली.

त्यानंतर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसकडून शॉर्टेजचा दाखला मागायचा आणि लेखी नोटीस द्यायची. विमा असला तरी नोटीस द्यायचीच, कारण विमा कंपनी पैसे देऊन ते पुढे वाहतूकदाराकडून वसूल करू पाहते, आणि नोटीस नसेल तर तिची ती वाट बंद होते. मुदत १८० दिवसांची आहे, पण ती माल मिळाल्या दिवसापासून मोजत नाहीत. माल बुक झाला त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे बिल्टीच्या डोक्यावर असलेल्या तारखेपासून. ट्रान्सपोर्टवाला "बघतो, शोधतो, पुढच्या गाडीने येईल" म्हणत राहतो त्या महिन्यांतही हे दिवस चालूच असतात.